SBU लावलंय, तरी बिल फक्त ३० युनिटनं उतरलं. कुठं चुकतंय?

शेळगीचा_रहिवासी

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये घरावर ३ किलोवॅटची सोलर पॅनेलं बसवली. इन्व्हर्टर ५ केव्हीएचा, ४८ व्होल्टचा हायब्रिड. नेटमीटर नाही, म्हणजे उरलेली वीज बाहेर जात नाही. बॅटऱ्या १५० एएचच्या चार, ट्युब्युलर, पाण्याच्या.

बसवणाऱ्यानं पहिले दोन महिने SUB वर ठेवलं होतं. महिन्याला १८८ युनिट यायचे. नंतर त्यालाच विचारलं की रात्रीचं बिल अजून कमी करता येईल का. तो आला, ०१ नंबरच्या सेटिंगला SBU केलं, १२ नंबरला, म्हणजे लाईनीवर जायला, ४८ व्होल्ट, १३ ला, म्हणजे बॅटरीवर परत यायला, ५४ व्होल्ट ठेवून गेला. म्हणाला, आता संध्याकाळी सहापासून घर बॅटरीवर चालेल, रोजचे तीन युनिट सुटतील.

मी हिशोब केला, तीन गुणिले तीस म्हणजे नव्वद. बिल आलं १५८ चं. नव्वदाऐवजी तीस. बसवणारा आता फोन उचलत नाही.

दिवसाचा आमचा वापर ५ युनिटच्या आसपास, संध्याकाळी सहा ते सकाळी सात सहा युनिटच्या थोडं वर. ऊन तर आपल्याकडं काय कमी नाही, पॅनेलं १२ युनिट सहज देतात. मग बाकीचे साठ युनिट गेले कुठं? आणि SUB, SBU, USB यातलं नेमकं कोणतं ठेवायचं? (USB बघून मला आधी पेनड्राईव्ह घालायची जागा वाटली होती, हसू नका.)

भाऊ_वायरमन

हसत नाही ओ. USB म्हणजे आधी लाईन, मग सोलर, मग बॅटरी. कंपनीतून येताना बहुतेक तसंच येतंय. SUB म्हणजे आधी सोलर, कमी पडलं तर लाईन, बॅटरी फक्त लाईट गेल्यावर. SBU म्हणजे सोलर, मग बॅटरी, लाईन सगळ्यात शेवटी.

पैसे वाचवायचे तर SBU, दुसरं काय बघायचंच नाही. तुमचं ४८ व्होल्ट लवकर कट होतंय, म्हणून वाचत नाही. १२ नंबरला ४६ करा, अजून तासदीड तास ओढतंय. बॅटरी घेतलीय ती वापरायला, दसऱ्याला पूजा करायला नाही.

माळीसर_निवृत्त

भाऊ, क्रम बरोबर सांगितलात. पण ४६ करायला लावू नका. घरातला रात्रीचा भार चारशे-पाचशे वॅट. एवढ्या हलक्या भारावर ४६ व्होल्ट म्हणजे एका बॅटरीला साडेअकरा. पाण्याची बॅटरी तिथवर रोज उतरवली तर दोन उन्हाळे काढणार नाही.

शेळगीकर, दोन गोष्टी सांगा. १६ नंबरच्या सेटिंगला काय दिसतंय? आणि रात्री इन्व्हर्टरमधून 'टक्क' आवाज येतो का? येत असेल तर किती वाजता?

शेळगीचा_रहिवासी

सर, १६ ला SNU दिसतंय. ११ नंबरला ३० आहे.

आवाजाचं तुम्हाला कसं कळलं? इन्व्हर्टर जिन्याखाली आहे आणि आई हॉलमध्ये झोपते. ती महिनाभर म्हणतेय, मशीन रात्रीचं खोकतंय. मी लक्ष दिलं नव्हतं. आत्ता विचारलं तर म्हणाली, अकराला एकदा, बारा वाजून गेल्यावर एकदा, मग पहाटे दोनदा.

माळीसर_निवृत्त

आईंनी निदान केलं, आता मी फक्त कारण सांगतो.

SNU म्हणजे बॅटरी सोलरनंही भरायची आणि लाईनीनंही. दिवसा यात काही बिघडत नाही. रात्री काय होतं बघा. सहापासून घर बॅटरीवर. अकराच्या सुमारास व्होल्टेज ४८ ला येतं, टक्क, घर लाईनीवर. इथवर ठीक, तुमचे तीन युनिट सुटले.

पण लाईन आत आली की SNU जागं होतं आणि ३० अँपियरनं बॅटरी भरायला लागतं. म्हणजे दीड किलोवॅटच्या वर भार, मध्यरात्री, मीटरवर. चार्जिंगचा दाब असल्यामुळं व्होल्टेज भराभर चढतं. सव्वा तासात ५४ ला टेकतं. बॅटरी भरलेली नसते, तिच्यात पाव हिस्साच भर पडलेली असते, पण इन्व्हर्टरला तुम्ही सांगितलंय की ५४ दिसले की बॅटरीवर परत ये. टक्क. घर पुन्हा बॅटरीवर. ती वीज चार-एक तासांत संपते, पहाटे पुन्हा टक्क, पुन्हा सव्वा तास भरणं.

आता मोजा. एका फेरीत मीटरवरून बॅटरीत दोनच्या वर युनिट जातात आणि घराला परत दीड मिळतात. मधला फरक बॅटरी गरम करण्यात आणि इन्व्हर्टरमध्ये गेला. अशा दोन फेऱ्यांत बॅटरी भरायला सव्वाचार युनिट, वर त्या वेळचा घराचा भार एक युनिट. रात्रीचे सव्वापाच युनिट मीटरवर. SUB असताना सहाच्या थोडे वर यायचे. म्हणजे रोज एकच युनिट वाचतं, महिन्याला तीस. तुमचं बिल तेच सांगतंय.

बिलापेक्षा वाईट म्हणजे बॅटरी एका रात्रीत दुप्पट राबतेय. आणि त्या दोन फेऱ्या कुणाच्याच कामाच्या नाहीत. लाईनीची वीज बॅटरीतून फिरवून घरात आणायची म्हणजे विहिरीचं पाणी गळक्या बादलीनं टाकीत भरून मग नळ सोडण्यासारखं.

भाऊ_वायरमन

हे बरोबर आहे सर, १६ माझ्या डोक्यात नव्हतं आलं. गिऱ्हाईक म्हणतं लाईट गेल्यावर बॅटरी भरलेली पाहिजे, म्हणून आम्ही सगळीकडं SNU च ठेवतोय.

माळीसर_निवृत्त

USB किंवा SUB असेल तर SNU ठेवण्यात काही गैर नाही, कारण बॅटरी रोज उतरतच नाही. SBU सोबत SNU आणि १३ ला ५४, ही तिन्ही एकत्र आली की घोळ. १६ ला OSO करा. मग बॅटरी फक्त उन्हानं भरेल. रात्री अकराला एकदा टक्क, नंतर सकाळपर्यंत गप्प.

पाणी_पाचव्या_दिवशी

माझंही असंच होतंय, पण वेगळ्या कारणानं वाटतं. SBU आहे, OSO आहे. तरी संध्याकाळी सातला, बॅटरी फुल्ल असताना, अचानक लाईनीवर जातंय आणि मग रात्रभर परत येतच नाही. रोज नाही, चार-पाच दिवसांतून एकदा.

भाऊ_वायरमन

चार-पाच दिवसांतून एकदा म्हणजे पाणी येतंय त्या दिवशी. मोटार कुठल्या लाईनीवर आहे?

पाणी_पाचव्या_दिवशी

अरे देवा. हो. एक एचपीची, इन्व्हर्टरच्या आउटपुटवरच.

भाऊ_वायरमन

मग झालं. मोटार उठताना चालू भाराच्या चार-पाच पट करंट ओढते. बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतंय, इन्व्हर्टरला वाटतंय बॅटरी संपली. १३ चं व्होल्टेज दिसेपर्यंत परत येत नाही, आणि OSO वर ते दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावरच दिसणार. मोटार डायरेक्ट मेनवर घ्या. पाणी रात्री दोनला आलं आणि लाईट नसली तर मात्र बोंबा मारायच्या, ते आपल्या सोलापुरात चालायचंच.

होटगीरोड_स्मिता

मला वाटलं धागा माझ्यासाठीच आहे, म्हणून पूर्ण वाचला. आमच्याकडंही हायब्रिड आहे, पण नेटमीटर आहे, सूर्यघर योजनेचे ७८,००० मिळालेत. ५ युनिटची लिथियम बॅटरी आहे. मी पण आजपासून बॅटरी आधी करू का? दुपारी एवढी वीज बाहेर जाताना बघून जीव तुटतो.

माळीसर_निवृत्त

स्मिताताई, तुमचं प्रकरण वेगळं. शेळगीकरांची उरलेली वीज पॅनेलवरच वाया जाते, कारण ती जायला जागा नाही. तुमची बाहेर गेलेली वीज मीटरवर जमा होते आणि त्याच आर्थिक वर्षात संध्याकाळच्या वापरातून वजा होते. दुपारी एक युनिट दिलं, रात्री एक युनिट घेतलं, फिटंफाट. तेच युनिट बॅटरीतून फिरवलं तर दहाएक टक्के वाटेत गेले आणि बॅटरी झिजली ती वेगळी. तुम्ही आधी सोलर, उरलं ते बाहेर, बॅटरी भरून फक्त लाईट जाण्यासाठी, असं ठेवा. जीव तुटू देऊ नका.

होटगीरोड_स्मिता

पण स्थिर आकार तर द्यावाच लागतो ना? तो बॅटरीनं कमी होईल?

भाऊ_वायरमन

तो कशानंच कमी होत नाही ताई.

लूम_अक्कलकोटरोड

आमच्याकडं बारा माग. दिवसा सगळी सोलर मागच खातात, संध्याकाळी शिल्लकच राहत नाही. बॅटरीवाला येऊन गेला, त्याला चहा पाजून परत पाठवला. आधी सोलर, मग लाईन, एवढंच. ज्याचा भार उन्हात आहे त्यानं बॅटरीच्या मागं लागू नये, असं माझं मत.

शेळगीचा_रहिवासी

सर, परवा रात्री OSO केलं. अकराला एक टक्क, नंतर शांत. आई खूश.

संध्याकाळी सहा ते सकाळी सात मीटरचं रीडिंग घेतोय. पहिली रात्र ३.४, दुसरी ३.१. म्हणजे रात्रीचे महिन्याला शंभरच्या आतबाहेर येतील.

पण एक नवीन दिसलं. सकाळी सातला ऊन आलं तरी घर लाईनीवरच राहतंय. डिस्प्लेवर पॅनेल चालू दिसतंय, बॅटरी भरतेय, पण पंखे-फ्रिज मीटरवर. साडेदहाच्या सुमारास टक्क होऊन बॅटरीवर येतं. हे बरोबर आहे का?

माळीसर_निवृत्त

तुमचा इन्व्हर्टर जुन्या धाटणीचा आहे. त्यात लाईन आत असेपर्यंत सोलर फक्त बॅटरी भरतं, घराला हात लावत नाही. नव्या मॉडेलांत सोलर आणि लाईन एकत्र भार उचलतात, तिथं हा प्रश्न येत नाही. गंमत म्हणजे SUB चा अर्थही मॉडेलनुसार बदलतो. काहींत सोलर कमी पडलं की आधी बॅटरी मदतीला येते, काहींत लाईन. म्हणून पुस्तिकेतलं ०१ नंबरचं पान एकदा वाचायचं, शेजाऱ्याच्या मशीनवरून ठरवायचं नाही.

आता तुमच्यापुढं खेचाखेच आहे. १३ ला ५४ ठेवलं तर साडेदहाला घर सोलरवर येतं, पण बॅटरी तेव्हा अर्धवट. दुपारी ऊन कडक असेल तर घर चालवून बॅटरीही भरते, उन्हाळ्यात चालेल. पावसाळ्यात ढग आला की बॅटरी घर ओढणार, संध्याकाळपर्यंत पूर्ण भरणारच नाही. FUL ठेवलं तर बॅटरी काठोकाठ भरल्यावरच घर सोलरवर येईल. बॅटरीला ते चांगलं, पण तोवर एक-दोन वाजतात आणि सकाळचे दोन-अडीच युनिट मीटरवर जातात. मी माझ्याकडं ५६ ठेवतो. ढगाळ आठवड्यात FUL करतो.

भाऊ_वायरमन

सर, सामान्य माणूस हे रोज बदलत बसणार नाही. एकदा लावून विसरायचं असलं पाहिजे.

माळीसर_निवृत्त

मग SUB लावा आणि विसरा. SBU हे विसरायचं काम नाही.

बाळे_लिथियम

सगळे युनिट मोजताय, बॅटरीचे पैसे कुणी मोजत नाही. चार ट्युब्युलर, जुन्या देऊन साधारण ६०,०००. अर्ध्यापर्यंत रोज उतरवल्या तर १,२०० वेळा चालतील असं धरा, जिन्याखाली मे महिन्यात त्याहून कमीच. दर वेळी घराला तीन युनिट. म्हणजे ३,६०० युनिट ६०,००० ला. युनिटला सोळा-सतरा रुपये! लाईनीचं वरच्या स्लॅबचं युनिट वहन आकार आणि १६ टक्के शुल्क धरून मला १३ च्या आसपास पडतं. शेळगीकर १३ वाचवायला १६ खर्च करतायत.

माझी ५ युनिटची लिथियम एक लाखाची. रोज चारच्या जरा आत युनिट देते, दहा वर्षं धरली तर युनिट सात-साडेसातला पडतं. तिथं SBU ला अर्थ आहे. पाण्याच्या बॅटरीवर SBU म्हणजे शौक.

माळीसर_निवृत्त

तुमची आकडेमोड बरोबर, पण एक गोष्ट सुटली. शेळगीकरांना लाईट जाण्यासाठी बॅटरी हवीच होती. ती नुसती भरून ठेवली तरी आपल्या उन्हाळ्यात पाचएक वर्षांत जाते. म्हणजे काही न करता वर्षाला १२,००० जाणारच. रोज उतरवली तर सव्वातीन वर्षांत जाईल, वर्षाला १८,००० च्या थोडं वर. SBU चा खर्च म्हणजे मधले सहा हजार. त्यात वर्षाला अकराशे युनिट मिळतात. युनिटला साडेपाच-सहा रुपये पडले.

आणि SNU चालू राहिलं असतं तर? दुप्पट राबून पावणेदोन वर्षांत बॅटरी गेली असती, वर्षाला ३५,०००. वाचत होतं काय, रोजचं एक युनिट, वर्षाचे पावणेपाच हजार.

बाळे_लिथियम

पाच वर्षं हे तुम्ही गृहीत धरलंत. माझ्या भावाची नुसती भरून ठेवलेली ट्युब्युलर आठ वर्षं चालली. तसं धरलं तर वर्षाला साडेसातच हजार जाणार होते आणि SBU चं युनिट दहाच्या घरात जातं.

माळीसर_निवृत्त

जातं, मान्य. भावाची बॅटरी गच्चीवर होती की तळघरात, हे पण विचारा.

बाळे_लिथियम

तळघरात. 😄 तरी माझा मुद्दा आहेच.

भाऊ_वायरमन

एक माझ्याकडून. तेरा रुपये हा दर १०० च्या वरच्या युनिटचा. पहिल्या शंभरचं युनिट सातच्या आतबाहेर पडतंय. सकाळचं लाईनीवरचं सोडलं तर शेळगीकर आता शंभरला आले. इथून पुढं अजून बॅटरी ओढली तर सात रुपयांचं युनिट वाचणार. मी सुरुवातीला ४६ करा म्हटलो ते त्यामुळंही चूक, माझे शब्द मागं घेतो. हिवाळ्यात पंखे बंद झाले आणि SUB वरच बिल शंभराच्या आत येत असलं, तर SBU काढून टाका. बॅटरीला आराम.

शेळगीचा_रहिवासी

भाऊ, हे डोक्यात बसलं. हिवाळ्यात आमचा वापर बराच उतरतो.

एक शंका. OSO वर रात्री अकरानंतर बॅटरी अर्धी असते. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमच्याकडं रात्री दोन-दोन तास लाईट जाते. तेव्हा काय?

माळीसर_निवृत्त

४८ वर इन्व्हर्टर लाईनीवर जातो, बंद पडत नाही. लाईटच गेली तर तो उरलेली बॅटरी वापरतो, पुस्तिकेतल्या कट-ऑफपर्यंत. पंखे-दिवे दोन तास चालतील. पण एसी लावून झोपला असाल तर नाही. वळवाचे पंधरा दिवस १२ ला ५० करा, थोडे युनिट सोडून द्या.

आणि सलग तीन-चार दिवस ऊन नसेल तर एका रात्री ०१ ला USB आणि १६ ला SNU करून बॅटरी पूर्ण भरून घ्या, सकाळी परत आहे तसं. पाण्याची बॅटरी अर्धवट ठेवली तर आत पांढरा थर धरतो आणि तो नंतर निघत नाही. महिनाभर रात्री दोन-दोन फेऱ्या झाल्यात, तेव्हा एकदा हायड्रोमीटरनं पाणी तपासा. संध्याकाळी, भरून तासभर झाल्यावर. सगळ्या खान्यांत १.२३० च्या आसपास हवं.

शेळगीचा_रहिवासी

आज साडेसहाला तपासलं, शेजारच्या बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटर आणून. चोवीस खान्यांपैकी एकवीस १.२२५ ते १.२३५. तिसऱ्या बॅटरीचे तीन खाने १.१९० च्या खाली, आणि तिथलं पाणीही प्लेटच्या जरा वर होतं एवढंच. हे SNU मुळं की बॅटरी आधीपासूनच तशी?

बाळे_लिथियम

तीनच खाने असतील तर बॅटरीचाच दोष. वॉरंटीत द्या.

माळीसर_निवृत्त

सांगता येत नाही. एका रांगेतल्या चारही बॅटऱ्यांतून तोच करंट गेलाय, फक्त तिसरीच बसली. जिन्याखाली ती मधे आहे का, दोन्ही बाजूंनी वारा न लागणारी?

शेळगीचा_रहिवासी

हो, मधेच आहे. आणि तिच्या वर आईचं पापडाचं पिंप.

भाऊ_वायरमन

पिंप काढा. डिस्टिल्ड वॉटर भरा, दोन रात्री वर सांगितलंय तसं फुल्ल चार्ज द्या, मग परत मोजा. रविवारी शेळगीला काम आहे, माझा हायड्रोमीटर घेऊन येतो. तुम्ही आणलेल्यावर माझा भरवसा नाही.